फाटली म्हणजे कुठे फाटली?

संहिता अकरा पानांची होती आणि छापून, टाचून आणली होती. शेजारच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या मुलाला तीस दिवसांत ज्वारीची भाकरी शिकायची होती, आणि शिकताना रोज तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ टाकायचा होता. एका रकान्यात दिवस, दुसऱ्यात दृश्य, तिसऱ्यात तो काय बोलणार ते. 'जरा वाचून सांगा, काही राहिलंय का.' वाचताना नवव्या दिवसापाशी डोळे अडले. तिथे लिहिलं होतं: 'भाकरी फाटते. कॅमेऱ्याकडे बघून हसतो.' दहाव्या दिवशी: 'भाकरी जमते.' मालिका अजून सुरू व्हायची होती. परात दुकानातून आणलेली, तिच्यावरचं लेबलसुद्धा निघालं नव्हतं. भाकरी कधी फाटणार, हे मात्र ठरलं होतं.

प्रामाणिकपणा दाखवायचा म्हणून एक अपयश वेळापत्रकात घालून ठेवलेलं, यात तसा काही गुन्हा नाही. खटकलं ते 'फाटते' एवढंच लिहिलेलं. भाकरी करणाऱ्या कोणत्याही बाईला सांगा की भाकरी फाटली, ती पहिल्यांदा विचारेल, कुठे फाटली? थापताना कडेला, उचलताना मध्ये, की तव्यावर वरून? तिन्हीला आपण फाटणंच म्हणतो, पण हे तीन वेगळे आजार आहेत. पहिल्याचं मूळ पिठात आणि पाण्यात, दुसऱ्याचं परातीत, तिसऱ्याचं तव्यावर. जिथे फाटलं तिथून उलटं चालत गेलं की चूक सापडते. नुसतं 'फाटली' लिहिलं की शिकणारा सगळा दोष हाताला देतो, आणि बहुतेक वेळा हाताचा त्यात काही संबंध नसतो.

गव्हाची सवय असलेल्यांची इथे पहिली फसगत होते. कणकेत ग्लुटेन असतं. ती ताणली की ताणते, झाकून ठेवली की मऊ पडते, पाणी थोडं कमीजास्त झालं तरी सांभाळून घेते. ज्वारीत ग्लुटेन नाही. पिठाचे कण एकमेकांना धरून ठेवणारी जी काही चिकटाई असते ती स्टार्चची, आणि स्टार्च थंड पाण्यात फुलत नाही. साधारण सत्तर अंशांच्या आसपास पोचल्यावर त्याचे कण पाणी पिऊन फुगतात आणि त्याची खळ होते. म्हणून उकळतं पाणी, म्हणजे आधण. काही घरांत आधण पिठावर ओततात, काही घरांत आधणातच पीठ घालून, झाकण ठेवून, गॅस बंद करून पाच मिनिटं वाफ मुरवतात. दुसऱ्या पद्धतीला उकड काढणं म्हणतात. कोकण-गोव्याकडची तांदळाची भाकरी अशीच होते, आणि नवशिक्यानं ज्वारीलाही हीच पद्धत धरावी. वर्षानुवर्षं भाकऱ्या करणाऱ्या बाया ताज्या पिठात साधं पाणी घालूनही सुरेख थापतात, पण ते बघून पहिल्या दिवशी तसं करायला जाऊ नये. त्यांचा तळहात तीन-चार मिनिटं पीठ रगडून जे काम करून घेतो, ते नवीन हाताला जमत नाही. तिथे गरम पाणी त्याच्या मदतीला येतं.

आणि मग ती विरी.

पिठाच्या या चिकटाईला भाकरीच्या घरांत विरी म्हणतात. 'पिठाची विरी गेली' हे वाक्य ज्यानं लहानपणी स्वयंपाकघरात ऐकलंय त्याला पुढचं सांगावं लागत नाही. थापणारीचा वैतागलेला चेहरा, परातीत चिरफाळलेला गोळा आणि 'आज पिठलं-भातच खा' हे सगळं त्याला लागलीच दिसतं. ताज्या दळणाचं पीठ मुठीत दाबलं तर मूठ उघडल्यावरही बोटांचे ठसे धरून राहतं, आणि त्याला किंचित गोडसर वास येतो. दोन-तीन आठवडे डब्यात राहिलेलं, त्यातून उन्हाळ्याच्या दिवसांतलं पीठ सरबरीत होतं. जिभेवर चिमूट ठेवली तर शेवटी कडवट लागतं. बाजरीचं तर याहूनही लवकर. त्या पिठाला पाणी पाजा, तिंबा, काहीही करा, उंडा थापायला घेतला की कडा उलत जाते. शिवाय दळण जाडसर असेल तरीही हाच त्रास. आणि गिरणीत आपल्या आधी कोणी हरभरा दळून गेलं असेल तर वेगळाच घोटाळा. म्हणून 'ज्वारीवरच ज्वारी टाका' असं गिरणीवाल्याला बजावून सांगायची रीत आहे. धान्य शाळूचं, त्यात मालदांडी मिळाली, तर निम्मी लढाई तिथेच संपते. पावसात भिजून काळी पडलेली खरिपाची ज्वारी त्याच हातांना रडवते.

मुलाच्या संहितेत या सगळ्याला एकच ओळ होती: 'ज्वारीचं पीठ २ वाट्या, पाणी लागेल तसं.'

'लागेल तसं' हे त्यानं आत्याकडून घेतलं होतं. मंगळवेढ्याकडची ती आत्या, म्हणजे ज्वारीच्या अगदी माहेरची. फोनवर त्यानं विचारलं होतं, 'आत्या, पाणी किती घेऊ?' ती म्हणाली, 'पीठ मागंल तेवढं दे की रं.' तिचं काही चुकलं नव्हतं. पिठाचं मागणं तिला बोटांनी ऐकू येतं, त्याला अजून येत नाही, इतकंच. नवशिक्याला आधी एक आकडा हवा, मग त्या आकड्यापासून किती हटायचं ते पीठ शिकवतं. तो आकडा साधारण असा: १०० ग्रॅम पिठाला ९० मिलिलिटर उकळतं पाणी. यात एक मध्यम, वीतभर भाकरी होते. आधी चमच्यानं किंवा उलथन्याच्या दांड्यानं कालवायचं, हाताला सोसेल इतकं निवलं की मळायला घ्यायचं, आणि हाताशी साध्या पाण्याची वाटी ठेवायची. त्यातलं पाणी बोटांवरून, थेंबाथेंबानं. कधी त्यातले दहा मिलि लागतात, कधी काहीच नाही. मात्र जे लागलं ते लिहून ठेवायचं.

मळणं तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं. गोळा पुढे रेटायचा, बोटांनी मागे ओढायचा, पुन्हा रेटायचा. पहिल्या मिनिटाला तो मातीसारखा वाटतो आणि आपलं काहीतरी बिनसलं असं वाटायला लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला परातीला चिकटलेलं पीठ आपोआप सुटून गोळ्याला लागतं, पृष्ठभाग गुळगुळीत होतो, कानाच्या पाळीसारखा मऊ. तिथे थांबायचं आणि लगेच थापायचं. चपातीच्या सवयीनं हा गोळा झाकून ठेवला, फोन घेऊन आलं, की कारभार आटोपला. ज्वारीचा गोळा मुरत नाही. तो वाळतो आणि वीस मिनिटांत पुन्हा पहिल्या मिनिटासारखा होतो. म्हणूनच चार भाकऱ्यांचं पीठ एकदम भिजवलं तरी प्रत्येक उंडा थापायच्या आधी पाण्याचा हात लावून पुन्हा मळून घेतात. व्हिडिओत हे कधी दिसत नाही, कारण तिथे कात्री लागते. शिकणाऱ्यानं नेमकं तेवढंच ठेवावं आणि बाकी खुशाल कापावं.

संहितेवर बोलणं झालं तेव्हा मुलानं पहिला प्रश्न विचारला तो थापण्याचा. साहजिक आहे, थापणं दिसतं, ऐकू येतं. दुपारच्या वेळी गल्लीतून जाताना कुठल्याशा खिडकीतून तो थप-थप आवाज आला की भूक लागते, आणि आवाजावरून भाकरी फिरतेय की अडकलीय हेही कळतं. फिरणाऱ्या भाकरीचा आवाज मोकळा आणि एका लयीत असतो. परातीला चिकटलेली भाकरी ओल्या कपड्यासारखी वाजते. पण पहिले काही दिवस थापण्यावर खर्च करू नयेत असं त्याला सुचवलं, आणि त्याच्या नवव्या दिवसाचीच रंगीत तालीम आधी करायला सांगितली. भाकरी मुद्दाम फाडायची नाही, फाटू द्यायची आणि कुठे फाटते ते बघायचं.

तालमीत जे झालं ते सविस्तर सांगण्यासारखं आहे. पाकिटातलं पीठ १०० ग्रॅम. पाकिटावर भरल्याची तारीख होती, दळल्याची नव्हती. पाणी नळाचं, साधारण ७० मिलि. चार बोटं रुंदीपर्यंत उंडा बरा वाटला, मग कडेला नखाएवढ्या चिरा आल्या, आणि वीतभर होईपर्यंत त्या चिरा दोन पेरं आत शिरल्या. पोरानं त्या बोटांनी सांधल्या, पुढच्या थापेला त्या तिथेच पुन्हा उघडल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं काय करावं? पाणी गरम घेतलं, वाढवलं, पीठ दुसऱ्या दुकानातून आणलं आणि परात बदलून काठवट घेतली. भाकरी पुष्कळच बरी झाली. तो खूष. त्याच्या मूळ संहितेतलं 'दिवस १०: भाकरी जमते' खरं ठरलं होतं. मात्र का जमली हे त्याला सांगता येईना. चार गोष्टी एका वेळी बदलल्यावर कोणती कामाला आली, हे देवालाही सांगता येणार नाही. अकराव्या दिवशी ती पुन्हा फाटली असती तर तो परत आंधळाच.

म्हणून तिसऱ्या दिवशी दोनच वाट्या मांडल्या. एकीत पाकिटाचं पीठ, दुसरीत आदल्या दिवशी गिरणीतून आणलेलं. दोन्ही ५० ग्रॅम, दोन्हीत तेच उकळतं पाणी ४५ मिलि, दोन्ही घड्याळ लावून तीन मिनिटं मळलेली. भाकरी करायचीच नाही. लिंबाएवढ्या गोळ्या करायच्या आणि अंगठ्यानं पेढ्यासारख्या चेपायच्या. गिरणीच्या पिठाचा पेढा कडेनं जवळजवळ अखंड राहिला. पाकिटाच्या पेढ्याच्या कडेला सात-आठ चिरा. मग पाकिटाच्याच पिठाची थंड पाण्यातली एक गोळी केली, तिचा तर चेपता चेपता भुगा व्हायला आला. म्हणजे पीठ मुळात जुनं, आणि गरम पाण्यानं त्याला थोडं सावरलं होतं, पूर्ण नाही. एवढं कळायला तीन गोळ्या आणि अर्धा तास लागला. तोवर त्यानं दोन दिवस स्वतःच्या हातांना शिव्या घातल्या होत्या.

जुन्या पिठात मूठभर गव्हाची कणीक मिसळली की भाकरी लगेच थापता येते, हा सल्लाही त्याला कोणीतरी दिला होता. जेवायला बसलेली माणसं उपाशी ठेवण्यापेक्षा ते बरं, यात वाद नाही. खानदेशात ज्वारीबरोबर उडीद दळून कळण्याची भाकरी करतात, तिथे उडदाची चिकटाई पीठ धरून ठेवते आणि ती मुळातच वेगळी, झकास भाकरी आहे. पण शिकण्याच्या तीस दिवसांत कणीक मिसळली की विरीचा धडा झाकला जातो. तेच प्लास्टिकच्या दोन कागदांत लाटण्याचं. भाकरी होते, गोलही होते, फक्त त्या दिवसाला 'थापायला शिकलो' म्हणू नये.

उचलताना फाटण्याचं प्रकरण त्या मानानं सोपं. परातीत पीठ कमी भुरभुरलं तर भाकरी तळाला धरते आणि उचलली की मधूनच तुटते. कधी पीठ पुरेसं असतं, पण बोटं मध्यावर जास्त पडतात आणि तिथे ती पातळ होते. वरून लावलेल्या कॅमेऱ्यात हे दिसतच नाही, वरून प्रत्येक भाकरी गोल आणि सुंदर असते. कॅमेरा परातीच्या काठाच्या उंचीवर आणला की मधला खळगा दिसतो. थाप कडेकडेनं पडायला हवी, दुसरा हात कडेला आडवा धरून तिला आवरत राहायला हवा, आणि दर दोन-तीन थापांना भाकरी थोडी सरकली पाहिजे. सरकली नाही तर तिथेच थांबून खाली पीठ सारायचं. पुढे रेटत राहिलं तर फक्त चिकटते.

तव्यावरची चूक घाईची किंवा आळसाची. थापताना खाली असलेली पिठाळ बाजू तव्यावर टाकताना वर येते. त्या कोरड्या पिठावर लगेच, एका हातानं, पाणी फिरवायचं. उशीर झाला की वरचं पीठ वाळून जाळीसारखे तडे जातात. हे तडे बघून शिकणारा समजतो की मळण्यात चुकलं, आणि दुसऱ्या दिवशी गोळा सैल करून आणखी नवी भानगड ओढवून घेतो. पाणी भरपूर ओतलं तर उलटताना भाकरी तव्याला चिकटते. पाण्याची चमक जाऊन पृष्ठभाग ओलसर, मंद दिसू लागला की उलटायची वेळ. ही वेळ दहा-पंधरा सेकंदांची असते आणि ती शब्दांत पकडता येत नाही, पण चित्रात नक्की येते. तीस दिवसांच्या मालिकेत व्हिडिओचा खरा उपयोग कुठे असेल तर इथे, या चमक जाण्याच्या क्षणापाशी. तिथे पार्श्वसंगीत नको आणि झरझर पुढे पळवणंही नको. तवा मात्र आधी पुरता तापलेला हवा, शिंतोडलेल्या पाण्याचे थेंब नाचत पळाले पाहिजेत. थंड तव्यावर भाकरी भाजली जात नाही, नुसती वाळते आणि खाताना दात आठवतात.

दुसरी बाजू पूर्ण शेकली की पहिली बाजू जाळावर धरायची. चुलीपाशी ती तव्याबाहेर काढून आराला टेकवून उभी करतात. आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसली तर पापुद्रा सुटून भाकरी फुगते. वाट असली, म्हणजे कडेला चीर, मध्ये खळगा, वर तडा, यांतलं काहीही असलं, तर वाफ फुस्स होऊन निघून जाते. न फुगणं हा वेगळा आजार नव्हेच. तो आधीच्या तिन्हींचा हिशेब आहे, शेवटी मांडलेला. वाफ कुठून निसटते तेही दिसतं. जाळावर धरलेल्या भाकरीच्या ज्या जागेतून बारीक धूसर रेष उठते, तिथे बोट ठेवून मागे जायचं.

मुलानं एकदा हिशेब केला. रोज दोन प्रमाणे तीस दिवसांत साठ भाकऱ्या. आत्याच्या सासरी सुगीच्या दिवसांत, गडी-माणसं धरून, दोन वेळच्या मिळून तेवढ्या भाकऱ्या एका दिवसात पडत. त्याचा सबंध महिना म्हणजे तिचा एक दिवस. हे ऐकून तो थोडा हिरमुसला. पण त्या दिवसाचं कागदावर कोणी काही लिहून ठेवलेलं नाही. तिनं पहिल्यांदा पिठाचं मागणं कधी ऐकलं, किती भाकऱ्या गुरांपुढे गेल्या, कोण तिच्यावर ओरडलं, हे तिला स्वतःलाही धड आठवत नाही. विचारलं तर ती म्हणते, 'आपसूक येतंय.' आपसूक काही आलं नसणार. तिच्या आठवणीत फक्त जमलेल्या भाकऱ्या उरल्या आहेत. बाकीच्यांवर आठवणीनंच कात्री चालवली.

अकरा पानं आता तीस झाली आहेत, हातानं आखलेली. डावा भाग आधी भरायचा: पीठ कुठलं, दळण कधीचं, वजन, पाणी, आज नेमकी कोणती एकच गोष्ट बदलणार. उजवा भाग भाकरी खाऊन झाल्यावर. शेवटच्या दिवशी 'टम्म फुगलेली भाकरी, संगीत वाढतं' असं होतं, ते त्यानं स्वतःच खोडलं. चित्रीकरण सुरू झालंय. नववा दिवस परवा झाला, आणि त्या पानावर पेन्सिलीनं असं आहे:

'गिरणीचं पीठ, सहा दिवसांचं. १०० ग्रॅम, उकळतं पाणी ९०, वरून ५. मळणं ३ मिनिटं. आज बदललं: पाणी तव्यावर टाकल्या टाकल्या फिरवलं. वर तडे नाहीत. कड दोन ठिकाणी फुटली, मधे फोन घेतला, गोळा वाळला. डाव्या कडेनं वाफ गेली, अर्धीच फुगली. फुगलेला अर्धा आधी खाल्ला.'

खाली दहाव्या दिवसाचा डावा भाग भरलेला आहे. त्यात एकच बदल लिहिलाय: फोन बाहेरच्या खोलीत.